मलमलीवर भरतकाम: गाठ न मारता दोरा सुरू करणं आणि संपवणं

अखाजीला माहेरी आलेल्या मुलींच्या हातात दुपारी काही ना काही शिवण-टिपण असतंच. आमच्याकडे जळगाव-अमळनेरच्या बाजूला यंदा बाळंतविड्यातली झबली-टोपडी भरायला घेतली होती. पांढरी मलमल, त्यावर छोटी फुलं. झबल्यासाठी मलमल उत्तमच, कारण खान्देशातल्या वैशाखात तान्ह्या लेकराला दुसरं काही घालवत नाही. पण भरतकाम करणारीची परीक्षा याच कापडावर होते. मलमल इतकी विरळ असते की मागची हिरवी गाठ पुढून ठिपक्यासारखी दिसते, इस्त्री केली की तिचा उंचवटा वर उमटतो आणि बाळाच्या अंगाला ती टोचते ती वेगळीच. आणखी एक गोष्ट फार जणींच्या लक्षात येत नाही. मलमलीच्या दोन धाग्यांमधली फट मोठी असल्यामुळे बारीक दोऱ्याची गाठ दोन-चार धुण्यांत त्या फटीतून निसटते आणि टाका उसवायला लागतो. म्हणजे गाठ दिसते आणि शिवाय धरूनही ठेवत नाही.

आमच्या घरातली एक आजी भरलेलं कापड हातात आलं की म्हणते, "पहिले मांगली बाजू दखाड." त्या मागच्या बाजूबद्दलच हे सगळं लिहिते आहे. उदाहरणाला झबल्याच्या छातीवरची एक डहाळी घेऊ: साधारण सहा सेंटीमीटरचा हिरवा देठ, त्याला चार पानं, वर तीन गुलाबी फुलं, फुलांच्या मध्ये पिवळे फ्रेंच नॉट आणि बाजूला विखुरलेल्या काही सुट्या बुट्ट्या.

आधीची तयारी

कापड कापण्याआधी एकदा कोमट पाण्यातून काढा. नवीन मलमलीला खळ असते आणि ती धुण्यात आटतेही. खळीच्या कडक कापडावर भरलं तर टाके छान बसल्यासारखे वाटतात, पण खळ निघून कापड आटलं की मागे पक्की केलेली टोकं सैल पडतात आणि पुढे चुण्या दिसतात.

भरतकामाचा सुती दोरा लडीत सहा पदरी असतो. मलमलीवर त्यातले एक किंवा दोनच पदर वापरायचे. तीन पदर घेतले की पुढचा टाका जाड होतोच, शिवाय मागे लपवायचं टोकही जाड होतं. पदर एकेक करून वर ओढून वेगळे करा आणि मग पुन्हा जुळवा. दोन पदर एकदम ओढले तर पीळ पडतो आणि नको त्या ठिकाणी आपोआप गाठ बसते. दोऱ्याची लांबी चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर ठेवा. यापेक्षा लांब दोरा कापडातून परत परत जाऊन फुसफुशीत होतो आणि असं केसाळ टोक मागे सपाट बसत नाही. कूलरच्या थेट झोतात मात्र बसू नका. सुटे पदर उडून एकमेकांत अडकतात. घामाने हात ओले झाले तर सुती फडक्याला पुसत राहा, कारण ओलसर दोरा पीळ धरतो.

सुया दोन लागतात. भरायला नऊ किंवा दहा नंबरची बारीक सुई (सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक), आणि मागे टोकं ओवायला एक बोथट टोकाची सुई. बोथट सुई नसेल तर बारीक सुईच उलटी धरून नेढ्याच्या बाजूने टाक्यांखालून सरकवायची. टोकदार सुई मागच्या टाक्यांचे पदर फाडते आणि कळत नकळत कापडही उचलते. ते उचललेलं कापड पुढून बारीक टिंबासारखं दिसतं.

रिंगच्या आतल्या चक्राला सुती पट्टी गुंडाळून घ्या, म्हणजे मलमल न ओढता घट्ट राहते. हाताने ओढून ओढून ताणलेली मलमल रिंग काढल्यावर आकसते आणि टाक्यांभोवती गोळा होते.

देठ: दुमडलेल्या दोऱ्याने सुरुवात

देठ दोन पदरी दांडी टाक्याने भरायचा आहे. इथे सगळ्यात सपाट सुरुवात होते ती फासाची. लडीतून एकच पदर काढा, पण दुप्पट लांब, म्हणजे नव्वद सेंटीमीटरच्या आसपास. तो बरोबर मधोमध दुमडा आणि दोन्ही सुटी टोकं सुईच्या नेढ्यातून ओवा. आता सुईच्या विरुद्ध टोकाला दोऱ्याचा बंद फास राहतो.

देठाच्या खालच्या टोकाशी सुई मागून पुढे काढा. दोरा पूर्ण ओढू नका, फास मागे दोन-तीन सेंटीमीटर शिल्लक ठेवा. पहिला छोटा टाका घेऊन सुई पुन्हा मागे घाला, रिंग उलटी करा, सुई त्या फासातून काढा आणि दोरा हळूच ओढा. फास कापडाला टेकेपर्यंतच ओढायचं. आणखी जोर दिला तर मलमलीचे धागे सरकतात आणि टाक्याच्या मुळाशी छिद्र दिसतं. मागे ना गाठ राहते, ना टोक.

या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. फासाने दोन किंवा चार असे समच पदर मिळतात, एक किंवा तीन पदरी कामाला ती चालत नाही. आणि दोऱ्यात छटा बदलत जात असतील तर दुमडल्यावर गडद भाग फिक्याशेजारी येऊन छटांचा क्रम मोडतो. अशा दोऱ्याला पुढची पद्धत वापरा.

पानं: टाक्याखाली दडणारे इवले टाके

पानं एकपदरी भरीव टाक्याने भरू, म्हणजे फास बाद. पण पान पूर्ण झाकलं जाणार आहे आणि ते झाकणच आपल्या कामी येतं.

पानाच्या मध्यरेषेवर, देठापासून साधारण एक सेंटीमीटर वर, सुई पुढच्या बाजूने खाली घाला. टोक पुढच्या बाजूलाच राहू द्या, चार-पाच सेंटीमीटर पुरे. आता देठाच्या दिशेने येत मध्यरेषेवर तीन इवले टाके घ्या. प्रत्येक टाका जेमतेम एक मिलिमीटरचा, कापडाचे दोन-तीन धागे उचलणारा. शेवटचा टाका घेताना सुई आधीच्या टाक्याच्या दोऱ्यातूनच भोसकून काढा. दोरा दोऱ्याला धरतो तो इथेच. हलकेच ओढून पाहा. हललं नाही तर पक्कं झालं, सरकलं तर आणखी एक टाका घ्या.

मग पान भरायला लागा. भरत भरत पुढच्या टोकाशी आलात की ते कापडाला टेकवून कापा आणि उरलेलं पान भरा. टोक पुढेच असल्यामुळे ते भरीव टाक्यांखाली गडप होतं आणि मागे काही ओवावं लागत नाही. हे भरीव, दांडी किंवा साखळी टाक्याखालीच जमतं. एकपदरी धावदोऱ्याखाली किंवा सुट्या बॅक स्टिचखाली इवले टाके झाकले जात नाहीत, उघडे पडतात.

तशा विरळ टाक्यांना तात्पुरती गाठ मारतात. दोऱ्याला गाठ मारून सुई पुढच्या बाजूने, नक्षीपासून आठ-दहा सेंटीमीटर दूर खाली घालायची आणि मग नक्षीवर येऊन भरायचं. ती गाठ शेवटी पुढूनच कापून टाकायची, टोक मागे ओढायचं, सुईत ओवायचं आणि आता तयार झालेल्या टाक्यांत पक्कं करायचं. गाठ जवळ मारली तर टोक इतकं आखूड राहतं की सुईत ओवताच येत नाही. गाठ जिथे होती तिथलं छिद्र ओल्या बोटाने चोळलं की मिटतं.

दोरा संपवताना

सुरुवात बहुतेकींना जमते, कस लागतो तो शेवटी. दोरा दहा सेंटीमीटर उरला की थांबा. अजून एक टाका, अजून एक टाका करत अगदी बोटभर दोरा उरला की मग गाठ मारण्याचाच मोह होतो.

दांडी टाक्याची मागची बाजू पाहिलीत तर तिथे एकामागे एक आखूड सरळ टाक्यांची ओळ दिसते. देठ संपल्यावर सुई मागे घ्या, बोथट सुईत तोच दोरा ओवा आणि आलात त्याच वाटेने परत फिरा. पहिल्या आखूड टाक्याखालून सुई सरकवा, पुढच्या टाक्याखालून पुन्हा त्याच बाजूने, म्हणजे दोरा त्या ओळीभोवती गुंडाळला जाईल. पाच-सहा टाके असे झाले की शेवटच्याला वळसा घालून उलट फिरा आणि दोन टाक्यांखालून परत या. हा परतीचा वळसा महत्त्वाचा आहे. एकाच दिशेने सरळ सरकवलेलं टोक धुताना आलं त्याच वाटेने बाहेर येतं, पण दिशा बदलली की घर्षणाने तिथेच अडकून राहतं. आता कापडापासून दोन मिलिमीटर ठेवून कापा. अगदी मुळाशी कापलं तर धुतल्यावर टोक आकसून पुढे डोकावू शकतं.

ओवताना सुई फक्त दोऱ्याखालून जाते आहे ना, हे कळण्यासाठी रिंगखाली डाव्या हाताचं बोट ठेवा. सुईचा स्पर्श बोटाला झाला तर कापड उचललं गेलंय. प्रत्येक वळशाला दोरा ओढून आवळू नका. आवळलं की पुढचा देठ वाकडा होतो किंवा टाक्याच्या मुळाशी खळगा पडतो.

भरीव पानाच्या मागेही पुढच्यासारखंच भरलेलं असतं. तिथे गुंडाळायचं नाही. सुई भरलेल्या टाक्यांच्या आणि कापडाच्या मधून सेंटीमीटरभर सरकवा, दोरा ओढून घ्या, शेवटचा एक टाका सोडून सुई पुन्हा उलट सरकवा. पानाच्या टोकाकडे मात्र जाऊ नका. तिथे टाके दोन-तीनच असतात आणि टोक पानाबाहेर निघतं. रुंद मध्यभागातच संपवा. रेशमी किंवा रेयॉनचा दोरा असेल तर तो गुळगुळीत असल्यामुळे हाच फेरा एकदा जास्त करावा लागतो.

रंगाचंही सांभाळा. हिरवं टोक हिरव्याच टाक्यांत संपवायचं. गुलाबी पाकळीमागे हिरवा दोरा ओवला तर पाकळीवर मळकट छाया येते, आणि सुई सरकताना हिरवा तंतू सुटून पुढे आला की तो काढता काढता पाकळी बिघडते.

फुलं, लेझी डेझी आणि ती चोरटी रेघ

गुलाबी फुलं बऱ्याच जणी लेझी डेझीने करतात, झटपट होतात म्हणून. जाड कापडावर ठीक आहे. मलमलीवर त्यात एक लबाडी आहे. पाकळीचा फास घेऊन टोकाशी छोटा टाका मारला की पुढच्या पाकळीसाठी दोरा मागून परत मध्याकडे येतो. पाकळी आतून पोकळ असते आणि मागचा हा दोरा बरोबर त्या पोकळीच्या मागून जातो. पुढून पाहिलं तर प्रत्येक पाकळीच्या पोटात एक अस्पष्ट गुलाबी रेघ दिसते. लेझी डेझीच्या मागे ती लपवायला आधाराचे टाकेच नसतात.

यावर उपाय असा की पाकळीच्या पोटात त्याच रंगाचा एक सरळ टाका घालायचा, मध्यापासून टोकाच्या जरा आधीपर्यंत. मागची रेघ त्याच्या मागे बसते आणि पाकळी भरल्यासारखी छान दिसते. नाहीतर सरळ भरीव टाक्याची पाकळी करा. मी झबल्यासाठी भरीवच सुचवेन, कारण तान्ह्या बाळाची बोटं फासात अडकतात.

फुलाच्या मध्यात पिवळे फ्रेंच नॉट. हीच एक गाठ मलमलीवर चालते, कारण ती पुढे दिसण्यासाठीच असते. पण तिच्यामागे दुसरी गाठ नको. जिथे नॉट बसणार तिथेच कापडाचे एक-दोन धागे उचलून आडवा-उभा असे दोन इवले टाके घ्या, दुसरा पहिल्याच्या दोऱ्यातून. मग सुई पुढे काढून दोरा सुईला दोनदा गुंडाळा आणि सुई आली त्याच छिद्रात न घालता कापडाचे एक-दोन धागे सोडून खाली घाला. त्याच छिद्रात घातली तर मलमलीतून नॉट सरळ मागे निसटतो. तीन नॉट शेजारी शेजारी असतील तर त्यांना जोडणारे मागचे आखूड दोरे असतात, शेवटचं टोक त्यांच्याभोवतीच तीनेक वेळा गुंडाळा. एकच नॉट असेल तर त्याच्या मागच्या दोऱ्यातून सुई दोनदा भोसकून काढा आणि दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा.

सुट्या बुट्ट्या: उडी मारायची की नाही

एका बुट्टीवरून दुसरीवर जाताना मागे दोरा ओढत नेणं, यातच काम बिघडतं. मलमलीवर गडद रंगाचा दोरा पाच मिलिमीटरपेक्षा जास्त मोकळा गेला की तो पुढून दिसतो. पांढऱ्यावर पांढरा असेल तर सेंटीमीटरभर खपून जातं, पण कपडा उजेडात धरला की त्याचीही सावली दिसतेच. झबल्याला आणखी एक अडचण आहे: मोकळ्या दोऱ्यात बाळाची बोटं अडकतात.

म्हणून तीन सेंटीमीटर अंतरावरच्या बुट्ट्या असतील तर प्रत्येकीचा दोरा वेगळा सुरू करा, वेगळा संपवा. कंटाळवाणं आहे, खरंच. वेळ वाचवायचा तर चार-पाच सुयांत एकाच रंगाचे दोरे ओवून टाचणीच्या उशीवर तयार ठेवा. डहाळीच्या आत मात्र उडी मारायची गरज पडत नाही. देठावरून पानावर जायचं असेल तर देठाच्या मागच्या टाक्यांखालून गुंडाळत पानाच्या जागेपर्यंत जा आणि तिथे वर या.

शॅडो वर्कमध्ये हेच उलटं असतं, तिथे मागचे हेरिंगबोन टाके पुढे झिरपलेले दिसावेत अशीच रचना असते. त्यात टोकं आकाराच्या मधोमध संपवली तर छाया एकसारखी राहत नाही. ती कडेच्या जाड ओळीतच गुंडाळायची.

पाहून घेणं

रिंग काढा आणि कापड उजेडाकडे खिडकीत धरा. मागचं टोक आकाराबाहेर कुठे डोकावतंय, ते लगेच कळतं. मग कापड तळहातावर पसरून पाहा, कारण झबलं शेवटी अंगावरच असणार आहे आणि पांढऱ्या कागदावर न दिसलेली रेघ कातडीवर दिसते. नंतर मागच्या बाजूवरून बोट फिरवा. डोळ्याला न दिसलेली जाडी बोटाला लागते.

लाल आणि गडद दोऱ्यांचा रंग जातो का, हे मात्र भरण्याआधीच पाहायचं असतं: दोरा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबा, वर इस्त्री फिरवा, फडकं रंगलं तर तो दोरा मलमलीला नको. तयार झालेलं काम साध्या पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, आणि दुमडलेल्या टॉवेलवर पालथं ठेवून मागून इस्त्री करा. एक धुणं झालं की कोणतं टोक नीट पक्कं झालं नव्हतं ते दिसतंच.

आधीच गाठ मारून झाली असेल तर

भरून झालेल्या कामात गाठी सापडल्या तर सरळ कापू नका, आधीचे टाके सुटतील. त्याच रंगाचा एक पदर घ्या आणि गाठीजवळच्या मागच्या टाक्यांत तो पाच-सहा वेळा गुंडाळून, उलट वळसा देऊन पक्का करा. मग गाठीतून निघणाऱ्या दोऱ्याच्या मुळाशी, त्याला अगदी लागून असलेल्या टाक्याखालून, हा नवा पदर दोनदा भोसकून काढा म्हणजे जुना दोरा नव्याने धरला जाईल. आता गाठीच्या वर दोन मिलिमीटर सोडून कात्रीच्या टोकाने गाठ कापा. उरलेलं टोक लांब असेल तर तेही टाक्यांखाली सरकवा. फ्रेंच नॉटच्या मागच्या गाठीला हे जमत नाही, कारण तिथे गुंडाळायला टाकेच नसतात. तो नॉट उसवून नव्याने घालणं सोपं पडतं.